फवारणीच्या वहीतून निघालेला जाहीरनामा

जुलै 2024 मध्ये पुण्यातील एका सेंद्रिय मालाच्या दुकानाने आमचा माल ठेवण्याची तयारी दाखवली आणि त्यासोबत भरून द्यायचा एक अर्ज पाठवला. सातबारा, शेतकरी गटाच्या हमीवर मिळणारे सेंद्रिय शेतीचे पीजीएस प्रमाणपत्र, अन्न नोंदणीचा क्रमांक आणि लेबलाचा नमुना अशी मागणी होती आणि ही सगळी कागदपत्रे आमच्या फायलीत होती. शेवटच्या दोन रकान्यांवर मात्र ‘मिशन स्टेटमेंट’ आणि ‘ब्रँड मॅनिफेस्टो’ असे लिहिलेले होते. पहिल्यासाठी तीनशे अक्षरांची जागा होती, दुसऱ्यासाठी एक पान होते आणि मुदत सप्टेंबरअखेरची होती.

गुहागर तालुक्यात समुद्रालगत आमचे नारळ-सुपारीचे आगर आहे. आगरातच कोकमाची झाडे आहेत, वर कातळावर हापूसची कलमे आहेत, आणि एप्रिल-मे महिन्यांत घरी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, व आमसुले होतात. शेतीचे कागद मी सांभाळते, आगर माझे सासरे आणि यजमान पाहतात, आणि पुण्यातील ग्राहकांचे फोन माझ्या थोरल्या जाऊबाई घेतात. अर्ज आला तेव्हा आम्हा चौघांपैकी कोणालाही या दोन रकान्यांत नेमके काय भरायचे ते सांगता येईना. ज्यांच्यापुढे असाच अर्ज येऊन पडला असेल, त्यांच्यासाठी पुढचा सगळा प्रवास क्रमाने लिहीत आहे.

दुकानदाराला फोन करून विचारले तेव्हा त्यांनी सरळ सांगितले की, पहिल्या रकान्यात तुम्ही काय पिकवता, कुठे, कसे आणि कोणासाठी एवढेच हवे, आणि दुसऱ्यात ग्राहकाने तुम्हाला कशाबद्दल जाब विचारावा ते हवे. ही व्याख्या मला फार उपयोगी पडली. तरीही पहिला मार्ग आम्ही सोपा निवडला आणि ओळखीतून एका मजकूर लिहिणाऱ्या बाईंना तीन हजार रुपये देऊन दोन्ही मजकूर लिहून घेतले. त्यांचे काम वेळेवर आले, भाषाही गोड होती. ‘निसर्गाच्या कुशीत, परंपरेचा वारसा जपत, शंभर टक्के रसायनमुक्त आणि अस्सल चवीचा आनंद’ अशी त्याची सुरुवात होती.

सासऱ्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. त्यांनी चष्मा लावून तो कागद शेवटपर्यंत वाचला आणि एवढेच विचारले, “यात आपले आगर कुठले?” ते खरेच होते. वरचे गावाचे नाव बदलले असते तर तोच मजकूर नाशिकच्या द्राक्षबागेलाही चालला असता. त्यातल्या ‘शंभर टक्के रसायनमुक्त’ या शब्दांवर बोट ठेवून आप्पा पुढे म्हणाले, “आणि मोरचूद काय देवळातून येतो?”

इथे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आमचा पुढचा सगळा मजकूर या एका प्रश्नातून निघाला. कोकणच्या पावसात सुपारीवर कोळे रोग येतो. कोवळी फळे कुजून गळतात आणि एकदा लागण पसरली की घड रिकामे होतात. त्यावर पाऊस सुरू होण्याच्या सुमारास एक आणि पुढे महिना-दीड महिन्याने दुसरी अशी बोर्डो मिश्रणाची फवारणी करतात. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना लागतो. दोन्ही वेगवेगळ्या पाण्यात कालवून मग एकत्र करायचे असतात. आप्पा अजूनही त्यात कोयता बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर दिसला तर मोरचूद जास्त झाला असे समजून आणखी चुन्याची निवळी घालतात. आंब्याच्या मोहरावर भुरी आली की दहा लिटर पाण्याला वीस ग्रॅम या प्रमाणात पाण्यात मिसळणारे गंधक फवारावे लागते. मोरचूद काय आणि गंधक काय, दोन्ही रसायनेच आहेत. सेंद्रिय मानकांमध्ये त्यांना मर्यादित वापराची परवानगी आहे, त्यामुळे आमचे सेंद्रिय प्रमाणपत्र खरे आहे. पण ‘रसायनमुक्त’ हा शब्द खरा नाही.

त्या दिवशी मी फवारणीची वही घेऊन बसले. पीजीएस गटात प्रत्येक शेतकऱ्याला अशी नोंद ठेवावीच लागते आणि आमच्या वहीत तारीख, प्लॉट, काय फवारले, किती पंप आणि कोणी फवारले असे पाच रकाने आहेत. मी एका फुलस्केप कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे बाईंच्या मजकुरातले एकेक वाक्य उतरवले आणि उजवीकडे ‘हे कुठे दिसेल?’ असा मथळा दिला. ज्या वाक्यासमोर वहीतले पान, एखादी पावती, प्रमाणपत्राची ओळ किंवा बागेतली जागा लिहिता येईल ते राहील, आणि उजवी बाजू रिकामी राहील ते वाक्य जाईल, असे ठरवले. ‘निसर्गाच्या कुशीत’ गेले. ‘परंपरेचा वारसा’ गेला. ‘प्रेमाने पिकवलेले’ गेले. ‘अस्सल चव’ही गेली. संध्याकाळपर्यंत पानावर गावाचे नाव आणि पिकांची नावे एवढेच उरले. हे पाहून मला धडकीच भरली, कारण मुदत जवळ येत होती आणि हातात काहीच नव्हते.

मग उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी उजवा रकाना भरायचा, म्हणजे वहीतली एक नोंद घ्यायची, आणि त्यावरून डावीकडे वाक्य लिहायचे. ‘मोहरावर भुरी आली तर पाण्यात मिसळणारे गंधक फवारतो’ हे आमचे पहिले पक्के वाक्य अशा रीतीने मिळाले. त्यात विशेषण नाही, पण काय, कशावर आणि केव्हा हे तिन्ही आहे. कोणाला हा प्रयोग करायचा असेल तर माझी सूचना अशी की, कोऱ्या कागदासमोर बसण्यापेक्षा गेल्या दोन हंगामांच्या नोंदी, बियाणे-खतांच्या पावत्या आणि ग्राहकांच्या तक्रारींचे संदेश समोर ठेवावेत. आपण काय मानतो हे शोधण्यात आठवडे जातात. आपण काय करतो हे तर लिहिलेलेच असते.

ऑगस्टचा बाकीचा महिना कायद्याच्या बाजूने शब्द तपासण्यात गेला. अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबद्दलचे 2018 चे विनियम आहेत आणि ते जुलै 2019 पासून लागू आहेत. नैसर्गिक, ताजे, शुद्ध, पारंपरिक, अस्सल अशा शब्दांचा वापर केव्हा करता येतो याच्या अटी त्यात घालून दिलेल्या आहेत. ‘घरगुती’ या अर्थाचे आणि ग्राहकाची दिशाभूल करू शकतील असे शब्द टाळावेत असेही त्यात आहे. एखादा पदार्थ रोग बरा करतो असे सुचवायला तर मनाईच आहे. बाईंच्या मजकुरात कोकमाचे आगळ ‘आम्लपित्तावर रामबाण’ होते. आमच्या घरी जेवणानंतर सोलकढी पितात आणि पित्तावर आगळ घेतात हे खरे असले, तरी बाटलीसोबत जाणाऱ्या कागदावर ते छापता येत नाही. मी ते वाक्य काढले आणि त्याजागी लिहिले, ‘आगळात कोकम आणि मीठ असते.’ जाऊबाईंना फोनवर वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, हेच तर लोक विचारतात. साखर आहे का, रंग आहे का. एका ओळीत उत्तर मिळाले.”

आगळ आणि आमसुले प्रक्रिया केलेल्या पदार्थांत मोडतात, म्हणून त्यांच्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. लहान उत्पादकाला वर्षाला शंभर रुपये शुल्क आहे आणि अर्ज ‘फॉसकॉस’ या संकेतस्थळावर भरता येतो. आम्ही ती आधीच घेतली होती. ज्यांनी घेतलेली नाही त्यांनी जाहीरनामा छापण्याआधी घ्यावी, कारण चौदा अंकी क्रमांक लेबलावर छापावा लागतो आणि क्रमांक नंतर आला की लेबल पुन्हा छापण्याचा खर्च बसतो.

सर्वांत कठीण वाक्य आंब्याचे होते. आमची कलमे अनेक वर्षे कराराने दिलेली होती. कोकणात हे सर्रास चालते. बागायतदार ठरावीक रक्कम घेतो आणि मोहरापासून काढणीपर्यंत बाग करारदाराच्या ताब्यात असते. करारदाराला लवकरचा आंबा हवा असतो, कारण भाव मार्चमध्ये असतो. त्यासाठी पावसाळ्यात कलमांच्या बुंध्याभोवती कल्टार ओततात. हे पॅक्लोब्युट्राझोल नावाचे वाढरोधक आहे. त्याने पालवी आवरली जाते आणि मोहर लवकर येतो. सेंद्रिय शेतीत ते चालत नाही आणि ते मातीत बराच काळ टिकून राहते. आमच्या कलमांना शेवटचे कल्टार 2021 च्या पावसाळ्यात पडले. मे 2022 मध्ये करार संपला, आम्ही बाग ताब्यात घेतली आणि त्याच पावसाळ्यात ती पीजीएस गटात नोंदवली.

पीजीएस पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते तपासतो आणि हमी देतो. जमीन रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे जाण्याच्या, म्हणजे बदलाच्या काळात असेपर्यंत तिला ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ म्हणतात आणि काळ पूर्ण झाल्यावर ‘पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक’. झाडांच्या बागेला हा काळ साधारण तीन वर्षांचा असतो. म्हणजे 2024 मध्ये आमचे आगर सेंद्रिय होते आणि कातळ अजून ‘ग्रीन’ होता. एकाच घराचा माल, एकाच नावाने जाणार, पण दर्जा दोन. ‘आम्ही सेंद्रिय शेती करतो’ हे वाक्य दिसायला निरुपद्रवी आहे. परंतु ते वाचून जो माणूस आमची पेटी घेईल तो आंब्यालाही सेंद्रिय समजेल.

यावर घरात बरीच चर्चा झाली. यजमानांनी एक बाजू मांडली. सेंद्रिय अन्नाचे 2017 चे विनियम आहेत आणि त्यांत वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान उत्पादकाला थेट ग्राहकाला विकताना प्रमाणनाच्या सक्तीतून सूट आहे, फक्त ‘जैविक भारत’ हे सरकारी सेंद्रिय चिन्ह वापरता येत नाही. मग निदान घरोघरी जाणाऱ्या पेट्यांवर ‘सेंद्रिय’ लिहायला काय हरकत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. माझे म्हणणे असे की, ही सूट कागदातून आहे, मातीतून नाही. प्रमाणपत्र दाखवावे लागत नाही एवढ्यावरून कल्टार पडलेली जमीन त्या मुदतीआधी सेंद्रिय ठरत नाही. आप्पांनी वाद मिटवला. ते म्हणाले, “सरळ लिहा. अजून झालेले नाही, होते आहे.” त्यावरून आम्ही लिहिले, ‘कातळावरील हापूस अजून बदलाच्या काळात आहे. आम्ही त्याला सेंद्रिय म्हणत नाही.’ या दोन वाक्यांची किंमत आम्हाला मोजावी लागली. दुकानाने आगळ, आमसुले, नारळ आणि सुपारी घेतली, पण आंबा सेंद्रियच्या फळीवर ठेवता येणार नाही असे कळवले. त्या हंगामाचा सगळा आंबा आम्हाला थेट घरांतच विकावा लागला.

7 सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. थोरले दीर आणि जाऊबाई मुलांना घेऊन घरी आले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ओटीवर बसून मी सगळा मजकूर मोठ्याने वाचला. मोठ्याने वाचण्याचा फायदा असा की, कुठे दम लागतो ते लगेच कळते. ज्या वाक्यात ‘आणि’ दोनदा आला तिथे मी थांबत होते, म्हणून तिथे पूर्णविराम दिला. ‘करण्यात येते’, ‘काळजी घेतली जाते’ अशी वाक्येही ऐकताना खटकली, कारण काळजी कोण घेते ते त्यात नाही. तिथे ‘आम्ही’ आणला आणि वाक्य आपोआप लहान झाले. पुतण्या आठवीत आहे. त्याला एकदा ऐकून काय लक्षात राहिले ते सांगायला लावले. त्याच्या लक्षात गंधक, मीठ आणि साका राहिले, बाकी विसरला. ‘शाश्वत’ शब्द असलेले वाक्य त्याला आठवलेच नाही, आणि तो शब्द नेमके काय सांगतो हे मलाही त्याला समजावता येईना. मग ते वाक्य काढून टाकले.

साक्याबद्दल जाऊबाईंचा आग्रह होता. हापूसच्या गरात पांढुरका, आंबट, स्पंजासारखा भाग निघतो त्याला साका म्हणतात. फळ बाहेरून देखणे असते आणि कापल्याशिवाय कळत नाही. फळ फार पिकू न देता काढणे, उन्हाच्या आधी काढणे, काढलेले फळ तापलेल्या कातळावर न ठेवता सावलीत ठेवणे, झाडाखाली आच्छादन करणे याने साका कमी होतो, पण शून्य होत नाही. फळे पाण्यात टाकून बुडणारी निवडली की तयार फळ ओळखता येते. साका त्यानेही ओळखता येत नाही. पुण्याचे फोन जाऊबाई घेतात, म्हणून सर्वाधिक बोलणी साक्याची त्यांनाच ऐकावी लागतात. मी लिहिले होते, ‘आम्ही प्रत्येक फळ तपासून पाठवतो.’ त्या म्हणाल्या, “तपासता हे खरे. पण साका निघाला की ग्राहक हेच वाक्य माझ्यापुढे धरणार.” मग आम्ही बसून हिशेब केला. बदली फळ पाठवायचे तर एका फळासाठी कुरियरचा खर्च फळाच्या किमतीहून जास्त होतो. म्हणून फोटो पाठवा, त्या फळाचे पैसे परत देऊ, असे ठरले. आणि त्याला मुदत घातली, कारण आंबा पेंढ्यात पिकायला आठ-दहा दिवस लागू शकतात. जाहीरनाम्यातले वचन लिहिताना त्याचा खर्च कोणाच्या खिशातून जाईल आणि फोन कोण उचलेल, या दोन गोष्टी त्या माणसाला विचारूनच ठरवाव्यात.

एक वाक्य आम्ही लिहिले आणि शेवटी गाळले. नारळ-सुपारी काढायला येणारे पाडेली दिवसभर झाडावर असतात. त्यांच्या अपघात विम्याबद्दल काहीतरी लिहावे असे मला वाटत होते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते आणि हप्ता त्या माणसाच्या स्वतःच्या बँक खात्यातून कापला जातो. त्यामुळे ‘पाडेल्यांचा विमा आम्ही काढतो’ हे शब्दशः खरे होत नव्हते. अर्ज त्यांनीच भरायचा, संमती त्यांचीच, आम्ही फार तर खात्यात पैसे आहेत ना ते पाहू शकतो. एका पाडेल्यांचे खाते बंद पडलेले निघाले. आधार जोडणी पुन्हा करण्यासाठी बँकेत हेलपाटे घालण्यात सप्टेंबरचा बराच भाग गेला. पासबुकात वीस रुपयांची नोंद दिसली तेव्हा मी उत्साहाने वाक्य सुधारून लिहिले. त्यावर आप्पा म्हणाले, “वीस रुपयांची फुशारकी छापायची?” वाक्य काढले, विमा चालू ठेवला. खरे असलेले प्रत्येक वाक्य छापायला हवेच असे नाही, हे मला पटायला मात्र वेळ लागला.

सप्टेंबरच्या अखेरीस पीजीएस गटाची बैठक होती. प्रमाणपत्र गटाच्या हमीवर उभे असते, तेव्हा गटाला न दाखवता ‘सेंद्रिय’ शब्द छापणे योग्य नव्हते. मी मजकूर वाचून दाखवला. ‘गंधक, बोर्डो कशाला सांगता, लोक घाबरतील’ अशी एकाची सूचना आली. दुसऱ्याने उलट सांगितले की, लपवून ठेवले आणि कोणी बागेत येऊन पंप पाहिला तर गटाचेच नाव जाईल. शेवटी त्या दोन वाक्यांखाली ‘दोन्हींना सेंद्रिय मानकांत मर्यादित परवानगी आहे’ हे वाक्य जोडावे असे ठरले आणि इतिवृत्तात तशी नोंद झाली. त्या नोंदीची प्रत दुकानाला अर्जासोबत पाठवली. अर्ज मुदतीत गेला. उत्तर यायला दिवाळी उलटली. दुकानाचा बदल एकच होता: मजकुरावर महिना आणि वर्ष घाला. ही सूचना फार मोलाची निघाली, कारण जमिनीचा दर्जा, पिके आणि फवारण्या बदलत जातात आणि तारीख नसलेले खरे वाक्य दोन वर्षांनी खोटे ठरू शकते.

मिशन स्टेटमेंटच्या रकान्यात शेवटी हे गेले:

गुहागर तालुक्यात आमचे आगर आहे. आम्ही नारळ, सुपारी, कोकम आणि हापूस पिकवतो. काय फवारले ते वहीत लिहितो. मागेल त्याला ती वही दाखवतो. माल घरांना आणि लहान दुकानांना थेट पाठवतो.

आणि जाहीरनामा असा:

जानेवारी 2025
आगरातील नारळ, सुपारी आणि कोकम पीजीएस सेंद्रिय आहेत.
कातळावरील हापूस अजून बदलाच्या काळात आहे. आम्ही त्याला सेंद्रिय म्हणत नाही.
2021 च्या पावसाळ्यानंतर कलमांना कल्टार दिलेले नाही.
मोहरावर भुरी आली तर पाण्यात मिसळणारे गंधक फवारतो.
सुपारीवर पावसाळ्यात बोर्डो मिश्रण फवारतो.
दोन्हींना सेंद्रिय मानकांत मर्यादित परवानगी आहे.
आंबा पेंढ्यात पिकतो. कार्बाइड वापरत नाही.
साका बाहेरून दिसत नाही. पेटी मिळाल्यापासून पंधरा दिवसांत फोटो पाठवा. त्या फळाचे पैसे परत देतो.
आगळात कोकम आणि मीठ असते.
पीक गेले तर आगाऊ घेतलेली रक्कम परत करतो.
फवारणीची वही मागा. पानाचा फोटो पाठवतो.

आगाऊ रकमेचे वाक्य मे 2021 च्या तौक्ते वादळामुळे आले. तेव्हा कलमे आमच्या ताब्यात नव्हती, पण काढणीच्या ऐन दिवसांत झाडाखाली पडलेल्या आंब्यांचा खच आणि घेतलेल्या आगाऊ रकमांवरून शेजाऱ्यांची झालेली ओढाताण आम्ही पाहिली होती. ‘दरवर्षी हमखास आंबा’ असे लिहिण्याचे धाडस त्यानंतर आमच्या भागात कोणी करू नये.

कार्बाइडबद्दल एक खुलासा करते. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे ‘आम्ही वापरत नाही’ यात मोठेपणा काहीच नाही, आणि माझ्या मनातून ते वाक्य काढायचेच होते. परंतु फोनवर सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न तोच असल्याने जाऊबाईंनी ते ठेवायला लावले. मला अजूनही ते थोडे खटकते.

जानेवारीत चिपळूणच्या छापखान्यात पोस्टकार्डाच्या आकाराच्या एक हजार प्रती छापल्या. एका रंगात, जाड कागदावर, दोन हजार सहाशे रुपये लागले. छापखान्यातल्या मुलाने कोपऱ्यात आंब्याचे आणि पानाचे हिरवे चित्र घालून दिले होते. हिरवे पान पाहून लोक सेंद्रियचे चिन्ह समजतील म्हणून ते काढायला सांगितले, आणि अक्षर एक घर मोठे घेतले, कारण आमचे बरेचसे ग्राहक साठीच्या पुढचे आहेत. मजकूर देताना तो टाइप करूनच द्यावा आणि छापण्याआधीची प्रत घरातल्या ज्येष्ठांकडून वाचून घ्यावी. आमच्या पहिल्या प्रतीत ‘साका’चा ‘साखर’ झाला होता.

एप्रिलमध्ये प्रत्येक पेटीत पेंढ्याच्या वर एक कार्ड गेले. गंधकाबद्दल विचारणारे फोन आले. बहुतेकांना ते काय असते आणि फळात राहते का हे जाणून घ्यायचे होते. त्यांना वहीतले पान पाठवले. त्यावर मोहरातली फवारणीची तारीख आणि काढणीची तारीख दोन्ही दिसतात. दोन घरांनी आंबा सेंद्रिय नाही म्हणून मागणी रद्द केली आणि त्यांची रक्कम त्याच आठवड्यात परत केली. साक्याचे फोटोही आले, पण या वेळी जाऊबाईंना वाद घालावा लागला नाही. परतीची रक्कम एकूण विक्रीच्या मानाने किरकोळ राहिली. अर्थात हा एका हंगामाचा अनुभव आहे आणि पाऊस लवकर आलेल्या वर्षी तो वेगळा असू शकतो.

कातळाची तीन वर्षे 2025 च्या पावसाळ्यात पूर्ण होतात, पण गटाची तपासणी होऊन प्रमाणपत्र हातात येईपर्यंत आंब्याचे वाक्य आहे तसेच राहील. म्हणून पुढच्या छपाईत पाचशेच प्रती घ्यायच्या असे ठरले आहे.